जुन्या फोनमधले अकरा निरोप

माझ्या बहिणीचे अकरा निरोप मी मुद्दाम ऐकायचे ठेवले होते. मुद्दाम हा शब्द आता वापरतो. आधी ते केवळ आळसाने राहिले होते.

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. टोकावड्याच्या अलीकडे उतरून पाऊण तास चालत गेलं की तिचं गाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भात आणि नाचणी स्वतः बघते. मी शहापूरला एकटा राहतो. लग्न राहून गेलं, आणि त्याची कारणं सांगण्याइतकी मनोरंजक नाहीत. एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. लोक मला विद्वान समजतात, कारण पुस्तकांच्या शेजारी बसलेला माणूस त्यांना लांबून तसाच दिसतो.

बहिणीची शाळा तिसरीत संपली. अक्षर लावून लावून वाचते, लिहायचा मात्र कंटाळा. तिच्या हातात फोन आल्यावर तिने लिहिण्याचा प्रश्न एका दिवसात सोडवला. मेसेजच्या अॅपमधलं माइकचं चित्र दाबून धरायचं आणि बोलत सुटायचं. चार-चार, पाच-पाच मिनिटं. कोंबडीने अंडी कुठे घातली, जावेने काय टोमणा मारला, बांध कुणी कोरला, एसटी आज कितीला आली. सुरुवात ठरलेली, "भाऊ, ऐक." तिचा आवाज असा की एका शेतातून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला बैल थांबायचा.

मी ऐकायचो, पण सगळे नाही. वाचनालयात बसून फोन कानाला लावणं बरं दिसत नाही अशी माझी समजूत होती. मग मी "ठीक आहे" असं टाइप करून पाठवत असे. शुद्ध, पूर्णविरामासकट.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. पन्नास वर्षं मिश्री लावत आली होती. मुंबईला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. आता ती मानेवरच्या छिद्रातून श्वास घेते, त्यावर जुन्या लुगड्याचं पातळ चौकोनी फडकं बांधते आणि बोलत नाही. हाक मारायची असली तर दोन टाळ्या वाजवते.

ती घरी आल्यानंतर मी शहापूरच्या खोलीत बसून आमचं जुनं चॅट उघडलं आणि वर वर सरकत गेलो. न ऐकलेले चाळीसच्या वर निघाले. पहिल्या आठवड्यात मी अधाशासारखे बरेच ऐकले. मग लक्षात आलं की हे संपणार आहे. तेव्हापासून महिन्याला एक. वहीत तारीख लिहायची, ऐकला म्हणून खूण करायची. पुस्तकांच्या दाखलनोंदीची सवय जात नाही. तिच्या फोनवर यातलं काहीच उरलं नव्हतं. तिचा पहिला फोन लावणीच्या चिखलात गेला आणि दुसरा नवा कोरा होता. म्हणजे तिचा आवाज जगात एकाच जागी होता, माझ्या तडा गेलेल्या फोनमध्ये. वहीप्रमाणे अकरा शिल्लक होते.

त्याची दुसरी प्रत नव्हती. फोन अधूनमधून विचारायचा, तुमच्या गप्पांची प्रत दूर कुठेतरी ठेवू का? मी दर वेळी नको म्हणत आलो. आपली पुस्तकं कुणाच्या तरी न पाहिलेल्या कपाटात ठेवायची आणि वर त्याचे आभार मानायचे, हे माझ्या पिढीच्या ग्रंथपालाला पटत नाही. तत्त्व म्हणून ते चांगलं होतं. तत्त्वं साधारणपणे गरज पडेपर्यंत चांगलीच असतात.

गरज एका रविवारी पडली. माझा सत्कार होता.

सत्कार शहापुरातल्या एका मंडळाने ठेवला होता. ज्येष्ठ वाचनसेवक म्हणून. वाचनाची सेवा कशी करतात हे मला आजही कळलेलं नाही, पण शाल घेतली. श्रीफळ घेतलं. तिसऱ्या वस्तूचा खोका व्यासपीठावर आला तेव्हा सचिवांनी माइकवर जाहीर केलं की मंडळ या वर्षीपासून काळाबरोबर चालणार असून सत्कारमूर्तींना स्मार्टफोन देणार आहे. टाळ्या झाल्या. मी खोका घेऊन खाली बसणार, तोच सचिव म्हणाले, "सर, असं नाही. उद्घाटन करायचंय."

फोनचं उद्घाटन कसं करतात ते मला त्या दिवशी समजलं. एका ताटात हळद-कुंकू, नारळ, कात्री आणि सिमकार्ड काढायची टाचणी ठेवलेली होती. प्रमुख पाहुण्यांनी खोक्याची फीत कापली. सचिवांनी माझ्या खिशातला जुना फोन जवळजवळ काढूनच घेतला, त्यातलं सिम टाचणीने बाहेर काढलं, नव्यात घातलं, अॅप उतरवून घेतलं, माझा नंबर घातला, सहा आकडी कोड आला, तो घातला. मग पडदा काहीतरी विचारत राहिला आणि सचिवांचा अंगठा पुढे, पुढे, वगळा, पुढे असा चालत राहिला. शेवटी फोन प्रमुख पाहुण्यांच्या हाती दिला आणि त्यांनी माझ्या नावाने मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज पाठवला, "सर्वांना शुभेच्छा." सभागृहातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पाहुणे म्हणाले, हा क्षण ऐतिहासिक आहे. माझा जुना फोन ताटात नारळाशेजारी पडला होता.

घरी येऊन नव्या फोनवर चॅट उघडलं. बहिणीचं चॅट नव्हतं. मंडळाचा ग्रुप होता आणि शुभेच्छा होत्या. जुना उघडला तर त्यावर लिहिलं होतं की हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही.

मी माणूस शांत आहे असा माझा समज होता. तो रविवारी संध्याकाळी गेला. नव्या फोनवर अॅप काढलं, परत घातलं, कोड मागितला, चुकवला, पुन्हा मागितला. जुन्यावर दाबून पाहिलं. सोमवारी सकाळी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो, तिथल्या माणसाने दोन्ही फोन हातात घेऊन अतिशय आत्मविश्वासाने सांगितलं, "दोन्हीकडून डिलीट मारू आणि फ्रेश टाकू." मी दोन्ही फोन त्याच्या हातातून काढून घेतले आणि मुरबाडची एसटी पकडली.

मुरबाडला माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे. वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ आणि रेडिओ तोच करायचा. आता फोन करतो. वय माझ्याएवढं. एका डोळ्याला भिंग लावून बसतो आणि गिऱ्हाइकाकडे दुसऱ्या डोळ्याने बघतो. पुढे बहिणीकडेच जायचं होतं, आणि तिला न सांगता हे निस्तरावं असा माझा विचार होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा उद्योग कुणी केला?"

"प्रमुख पाहुण्यांनी."

"मग बरोबर हाय." भिंग डोळ्यावरून काढून त्याने जुना फोन उजेडात धरला. "हितलं अॅप काढलंत का?"

"नाही."

"नवऱ्या मुलासारखं जपा त्याला. काढलं असतंत तर मी पण काय करणार होतो? सर, गप्पा ह्याच्यातच हायेत. नंबर नव्यात गेला म्हणून ह्याने दार लावून घेतलंय, एवढंच. आधी नंबर ह्याला परत द्यायचा."

"सिम तर नव्यात आहे."

"असू द्या. कोड कुठंपण येऊ द्या, घालायचा ह्याच्यात."

त्याने दुकानाचं वाय-फाय जुन्या फोनला जोडलं, माझा नंबर घातला. कोड नव्या फोनवर टिंग करून आला, तो जुन्यात घातला, आणि चॅट समोर आलं. बहिणीचा फोटो, खाली लांबच लांब निरोपांच्या पट्ट्या. माझा हात तिथे जात होता, त्याने फोन बाजूला घेतला.

"अजून नाय. हे बघा." फोनचं मागचं झाकण एका बाजूने उचललेलं होतं. मला वाटायचं ते सैल झालंय. "बॅटरी फुगल्या. ह्या मॉडेलची आता मिळत नाय. चार्जिंगला लावायचा नाय हा परत, सांगून ठेवतो. पेटला तर वाचनालय नाय, घर जाईल."

"किती शिल्लक आहे?"

"एकेचाळीस टक्के. तेवढ्यात बिऱ्हाड हलवायचं."

नव्या फोनमधलं रिकामं अॅप त्याने काढून टाकलं आणि पुन्हा उतरवलं. गप्पा आणायच्या का हे ते पहिल्यांदा सुरू होतानाच विचारतं; सचिवांनी ज्यावर वगळा दाबलं होतं ते हेच. पण नंबर घातल्यावर पडद्याने सांगितलं की पुढचा कोड बारा तासांनी मागा.

त्याने माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "काल कितीदा दाबलंत?"

"मोजलं नाही."

"एकाच माणसाने येऊन सारखं सारखं तेच पुस्तक मागितलं तर तुमी काय म्हणायचात?"

"बाहेर बसा म्हणायचो."

"तेच म्हंतंय ते."

दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद असणार होतं, आणि माझी टोकावड्याची गाडी समोर लागत होती. त्याने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर कृती लिहून दिली. लिहिता लिहिता तोंडाने सांगत होता. दूर कुठे काही पाठवायचं नाही, या फोनमधून थेट त्या फोनमध्ये जाणार, वाय-फायच्या लहरींवर, मधे कुणी नाही. रेंज लागते ती फक्त कोड येईपर्यंत. नंतर दोन फोन एकमेकांच्या जवळ असले की झालं. मला ते पटलं नाही, पण पुठ्ठा घेतला. जुना फोन त्याने बंद करून, तो नेहमी घड्याळं गुंडाळायचा तशा पिवळ्या फडक्यात गुंडाळून दिला.

बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा ती ओटीवर नाचणी पाखडत होती. तिने सुपावरून मान वर केली, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि हाताने हार घातल्याची खूण केली. सत्काराची बातमी तिच्यापर्यंत आली होती. मी शाल दाखवली. तिने ती हातात घेऊन कापडाची बोटाने पारख केली, मग उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर टाकून बघितली. म्हशीला शोभत होती. मग माझ्याकडे वळून तिने तळहात पालथा केला, म्हणजे काय रे, तोंड का असं?

मी म्हणालो, "काही नाही. नवा फोन दिलाय, त्यात जुन्यातलं न्यायचंय."

तिने पुन्हा तळहात पालथा केला. काय न्यायचंय?

"कामाचं आहे जरा."

तिने आणखी विचारलं नाही. पण सकाळी मी दोन्ही फोन घेऊन निघालो तेव्हा चप्पल घालून ती माझ्या आधी दारात उभी होती.

त्या गावात रेंज येते ती वरच्या आळीतल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. फोन करायचा असला की लोक तिथे चढतात, आणि फोन हातात उंच धरून बोलतात. बहिणीचे निरोपही ती इथे आली की सुटायचे. एकदा एक माणूस गुडघेदुखी असताना जावयाशी भांडायला ती टाकी चढला होता असं बहिणीच्या जुन्या एका निरोपात मी ऐकलं होतं. आम्ही दोघे कट्ट्यावर बसलो. खाली भाताची खाचरं, तिकडे डोंगर.

पुठ्ठ्यावर पहिलं लिहिलं होतं, आधी जुना. मी जुना चालू केला. एकोणचाळीस टक्के. सेटिंग, चॅट, चॅट पाठवा, सुरू करा. त्याने कॅमेरा उघडला. मग नव्यात नंबर घातला. बारा तास होऊन गेले होते; कोड आला. या वेळी मी पडद्यावरचं वाचलं. जुन्या फोनमधल्या गप्पा आणायच्या का असं स्पष्ट विचारलं होतं. मी हो केलं. मग त्याने जवळपासची उपकरणं शोधायची परवानगी मागितली, ती दिली. लोकेशन चालू करा म्हणाला.

"मी कुठे आहे हे याला कशाला हवं?" मी मोठ्याने म्हणालो. "टाकीवर आहे."

बहिणीने माझ्या दंडावर चापट मारली. मी चालू केलं.

नव्या फोनवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन आला. मी नवा फोन उचलून जुन्यासमोर धरला, दुकानात पैसे देताना धरतो तसा. काहीच होईना. पुठ्ठा पाहिला: चौकोन नव्यावर, बघणार जुना. उलटं केलं. जुन्याला चौकोन धुरकट दिसत होता. त्याच्या भिंगावर काय काय साठलं होतं कुणास ठाऊक. बहिणीने तो माझ्या हातातून घेतला, पदराचं टोक जिभेने ओलं करून ते भिंग भांड्यासारखं घासलं, आणि स्वतःच चौकोनावर धरला. टिक् असा आवाज झाला. जुन्याने विचारलं, या फोनशी जोडू का? हो.

आणि मग काही नाही. गोल फिरत राहिला. जोडता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा चौकोन, पुन्हा टिक्, पुन्हा तेच. जुना फोन चौतीसवर आला. मला वाटलं रेंज कमी पडतेय. मी उभा राहिलो आणि नवा फोन हात लांब करून वर धरला, गावातले सगळे धरतात तसा. बहिणीने जुना खाली धरला होता. मी टाचा उंचावल्या. एकोणतीस टक्के.

दोन टाळ्या वाजल्या.

तिने पुठ्ठा पुढे केला होता आणि त्यातल्या एका ओळीवर तिचं बोट होतं. बोट अक्षरावरून अक्षरावर सरकवत ती मला वाचायला लावत होती, जसं मी तिला लहानपणी पाटीवर लावायचा आव आणत असे. हॉटस्पॉट बंद. वाय-फाय दोन्हीत चालू.

ती ओळ मी एसटीतच वाचली होती आणि मनात दुरुस्त केली होती. जुन्यात सिम नाही, म्हणजे नेट नाही; नेटशिवाय इतक्या गप्पा जातील कशा? दुरुस्तीवाला लिहिताना चुकला असणार, म्हणून टाकीवर चढताचढताच मी नव्याचा हॉटस्पॉट चालू करून ठेवला होता. फोननेही बहुतेक मला काहीतरी सूचना दिली होती. मी न वाचता "ठीक आहे" दाबलं होतं.

हॉटस्पॉट बंद केला, वाय-फाय लावलं. बहिणीने माझा वर गेलेला हात मनगटाला धरून खाली आणला, दोन्ही फोन कट्ट्यावर एकमेकांना चिकटवून ठेवले. चौकोन. टिक्. जोडलं. नव्यावर एक रेघ आली आणि पुढे सरकू लागली.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. फोन बंद करू नका, अॅप सोडू नका, असं पडदा सांगत होता. आम्ही दोघे दोन फोनांकडे बघत बसलो. नव्यावरचा आकडा वाढत होता, जुन्यावरचा कमी होत होता. नवा चाळीस, जुना एकवीस. नवा सत्तावन्न, जुना सतरा. एक बाई हंडा घेऊन टाकीखालच्या नळावर आली, तिने विचारलं, "काय गो, भावाने शेगडी लावली का काय टाकीवर?" बहिणीने तिला हातानेच नळाकडे पिटाळलं. नवा ब्याऐंशी, जुना नऊ. झाकण आणखी जरा वर आल्यासारखं वाटलं. पूर्ण झालं असं नव्या फोनने सांगितलं तेव्हा जुना चारवर होता. थोड्या वेळाने तो काळा झाला, आणि मी तो पुन्हा उघडायचा प्रयत्न केला नाही. पिवळ्या फडक्यात गुंडाळून कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

नव्यावर चॅट आलं होतं. सगळं. तिच्या फोटोखाली वर्षांची पट्टी. मी वहीशी तारखा ताडून पाहायला सुरुवात केली. अकरा होते.

बहीण वहीकडे पाहत होती. एका बाजूला तारखा, एका बाजूला खुणा, शेवटच्या अकरांपुढे खूण नाही. तिने वही हातात घेतली. ती अक्षरं लावते तशी तिने ती वही लावली. मग तिने फोन माझ्याकडून घेतला, त्या अकरांतला एक शोधला आणि मी काही म्हणायच्या आत दाबला.

"भाऊ, ऐक."

टाकीवरून तो आवाज खाली आळीत गेला. नळावरच्या बाईने हंडा तसाच सोडून वर पाहिलं.

"भाऊ, ऐक. आज झोडणी हाय, धुरळ्यात बसून बोलत्ये. तुला डबा पाठवणार होती, पण एसटी आलीच नाय. कंडक्टरला इचारलं तर म्हंतो गाडी बिघडली, रोज बिघडते का रे? बरं, ते जाऊ दे. माझा आवाज बघ कसा बसलाय. भाद्रपदापासनं हाय. धुरळ्याने असेल म्हंतात सगळी. तुला येगळा वाटतोय का रे? तू शिकलेला, तुला कळेल. येगळा वाटत असला तर सांग, म्हंजे डाक्तरला दावून येत्ये. नायतर राहू दे म्हंत्ये. आणि जेवतोस का टायमावर? काळी कोंबडी सापडली..."

कोंबडी कशी सापडली ते पुढे दोन मिनिटं होतं. आवाज घोगरा होता. पत्र्यावर खडा ओढल्यासारखा. ऐकणाऱ्या कुणालाही तो पहिल्या वाक्यात समजला असता.

निरोप चार मिनिटं बारा सेकंदांचा होता. त्याच्याखाली माझं उत्तर होतं, "ठीक आहे." दोन्हींच्या कोपऱ्यात वेळ होती. बहिणीला घड्याळ कळतं. तिने निरोपाच्या वेळेवर बोट ठेवलं, मग माझ्या उत्तराच्या वेळेवर. तोच तास, तेच मिनिट. मग तिने मला एका हाताची चार बोटं दाखवली, आणि तळहात पालथा केला.

मला वाटतं मी काहीतरी बोललो. वाचनालयात होतो, लोक बसले होते, असं काहीसं. ते वाक्य मी बोलत असतानाच मला ऐकू आलं आणि मी थांबलो.

ती हसली. तिचं हसणं आता फक्त खांद्यांत असतं आणि मानेवरचं फडकं फडफडतं. ते हसणंच होतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मग तिने तोच निरोप पुन्हा लावला. या वेळी फोन माझ्याकडे धरला नाही; स्वतःच्या मांडीवर ठेवला, मान खाली घातली आणि ऐकत राहिली. कोंबडीपर्यंत. कोंबडीच्या ठिकाणी तिने मान हलवली, बरोबर आहे, तशीच सापडली होती.

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. महिन्याला एक हा माझा हिशेब तिथेच मोडला. त्या शिलकीवर माझा काही हक्क आहे असं मला आता वाटत नव्हतं. ऊन चढलं, कट्टा तापला. दहावा लावण्याआधी तिने पदर डोक्यावर घेतला. सगळे अकरा तिने लावले आणि मी पूर्ण ऐकले, आणि दर निरोप संपला की तिने वही पुढे करून माझ्याकडून खूण करून घेतली. काहींत आवाज पहिल्यासारखा खणखणीत होता. शेवटच्या तीन निरोपांत तो प्रत्येक वेळी थोडा कमी होत गेला होता. हे एकेक महिन्याच्या अंतराने ऐकलं असतं तर माझ्या लक्षात आलं नसतं.

खाली उतरताना नळावरच्या बाईने विचारलं, "बाय, तुझा आवाज आला का गो मगाशी?" बहिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. जणू मीच तो काढला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीपर्यंत सोडलं. शाल म्हशीकडेच राहिली. मुरबाडला उतरून पिवळं फडकं दुरुस्तीवाल्याला परत दिलं आणि आतला फोन विल्हेवाटीला. त्याने विचारलं, "गेलं सगळं पलीकडे?"

"गेलं."

"काही राहिलं नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. फोनपुरतं.

शहापूरला आता माझ्याकडे ऐकायचं काही शिल्लक नाही. वहीच्या सगळ्या ओळींपुढे खुणा आहेत. रविवार येतो, मी ती उघडतो आणि मिटतो. मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात. सचिवांनी पुढच्या सत्काराची तयारी सुरू केल्याचं कळवलं आहे.

परवा दुपारी फोन वाजला. बहिणीचा निरोप होता. ऑपरेशननंतर तिने बोलता निरोप कधी पाठवला नव्हता, पाठवणार काय? नऊ सेकंदांचा. मी खुर्ची खिडकीपाशी घेतली, पंखा बंद केला आणि लावला. आधी फक्त वारा. मग लांबवर एसटीचा हॉर्न, म्हणजे गाडी आज आली होती. मग एक कोंबडी. मग अगदी जवळ, दोन टाळ्या.

मी पुन्हा लावला. वहीत तारीख घातली, खूण केली. मग उत्तराच्या चौकटीत सवयीने "ठी" लिहिलं, ते पुसलं. माइकच्या चित्रावर बोट ठेवून बघितलं. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात आणि चित्र तर दाबून धरायचं असतं. ती हे कसं करते कळेना. शेवटी चित्र वर सरकवलं की कुलूप लागतं आणि हात मोकळे होतात हे सापडलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ते एका अर्थी बरं झालं. मी फोन टेबलावर ठेवला आणि दोन टाळ्या वाजवल्या.